नागीण वाळली, पाय सुजले

एक किडनी दिली की माणूस किती उद्धट होतो, ते मला विचारा. सत्तरच्या त्या दशकात सोलापुरातल्या आमच्या भवानी पेठेत किडनी हा शब्दसुद्धा कुणाच्या जिभेवर धड बसलेला नव्हता. कुणी 'किंडी' म्हणायचं, कुणी 'ते पोटातलं' म्हणायचं. आणि मी, मुन्सिपाल्टीच्या शाळेतली मास्तरीण, एकतीस वर्षांची, बिनलग्नाची, ती एक किडनी धाकट्या भावाला देऊन आले होते. गल्लीतून चालताना माझी मान जरा जास्तच ताठ असायची. का नसावी? अख्ख्या पेठेत असं दुसरं कोण होतं?

नातेवाइकांनी आधी कमी का घाबरवलं होतं! एका मामींनी तर तोंडावर सांगितलं, "एका किडनीच्या पोरीला कोण करून घेणार?" मी म्हटलं, "कुणी करून घेऊ नका. मी काय दोन किडन्या असताना रांगेत उभी होते?" मामी चहा न पिता गेल्या. आई मला रागावली, पण पदराआड हसत होती, मी पाहिलं ना.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात मागावर जॉबर होता. माग बिघडला की त्याला हाक. आवाजावरून सांगायचा की कुठला नट सैल झालाय. पंचविसाव्या वर्षी त्याचं तोंड सकाळी सुजायला लागलं, मग लघवीला फेस, मग अन्न नको, मग श्वास पुरेना. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रक्त यंत्रातून धुऊन काढायची सोय तेव्हा सोलापुरात नव्हती. आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे पेठेजवळ ज्यांचा दहा खाटांचा दवाखाना होता त्या म्हाताऱ्या कडक डॉक्टरांनी, चिठ्ठी देऊन आम्हाला मद्रास मेलमध्ये बसवलं. दक्षिणेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तेव्हा किडन्या बसवायला सुरुवात झाली होती. वडील आधीच गेलेले, आईला रक्तदाब होता, म्हणून ती बाद झाली. उरले मी.

तिथं माझ्या आयुष्यातला पहिला अपमान झाला. ऑपरेशनच्या आधी तपासण्या चालू होत्या. त्याच्या रक्तातलं पाणी आणि माझ्या पांढऱ्या पेशी एकत्र करून पाहिल्या, त्या मेल्या नाहीत, म्हणजे पहिलं संकट टळलं. मग तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बसवून साध्या इंग्रजीत समजावलं. प्रत्येक माणसाच्या पेशींवर आपापल्या खुणा असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या खुणा तपासत हिंडतात. ओळखीची खूण दिसली तर सोडतात, अनोळखी दिसली तर तुटून पडतात. जंतूवर पडतात तशाच. तुम्ही सख्खी भावंडं, म्हणून तुमच्या निम्म्या खुणा जुळल्या आहेत. निम्म्या जुळत नाहीत. त्याचं शरीर तुमची किडनी परकी समजणार.

"परकी?" मी म्हटलं. "अहो, एका आईच्या पोटची आम्ही."

"जुळी असता, अगदी एकसारखी जुळी, तर प्रश्न नव्हता," ते म्हणाले. "बाकी सगळे शरीराला परकेच."

मला इतका राग आला! ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, ज्याचा शेंबूड पुसला, त्याच्या अंगातल्या कुठल्या तरी पांढऱ्या पेशी मला परकी म्हणणार? भावाला सांगितलं तर तो खाटेवर पडल्यापडल्या हसला. म्हणाला, "आक्का, मिलच्या गेटवरचा वॉचमन बग की. तू चांगली हाईस का वाईट, त्याला काय करायचंय? बिल्ला दाखव म्हणतो. बिल्ला न्हाय, तर मालकाच्या पोरीलाबी भाईर काढतो." त्याला यंत्राचं कसं पटकन कळायचं, तसं हे पण कळलं. मला शब्द कळले, पण मनातून मी ते मानलंच नाही. सगळं पुढचं त्यातून झालं.

ऑपरेशन झालं. माझी डावी किडनी त्याच्या पोटात उजवीकडे, खाली जांघेच्या वर बसवली. त्याच्या जुन्या दोन तशाच ठेवल्या. टेबलावरच लघवी सुरू झाली म्हणे. दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून नेऊन काचेतून त्याला दाखवलं, तर बाटली भरत होती. पिवळी धमक. एवढी सुंदर गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती, सांगते.

मग गोळ्या. एक पिवळी, एक बारकी पांढरी. डॉक्टरांनी सांगितलं, जन्मभर. पांढऱ्या पेशींचा जोर या गोळ्या कमी करतात, म्हणून किडनी टिकते. पण त्याच पेशी जंतूंशी लढतात. तेव्हा जोर कमी केला की सर्दी, खोकला, क्षय, त्वचेचे आजार, सगळ्यांना वाट मोकळी. गोळ्या फार कमी केल्या तर किडनीवर हल्ला, फार वाढवल्या तर जंतूंचा हल्ला. मधल्या चिंचोळ्या वाटेनं चालायचं. लघवी कमी झाली, वजन वाढलं, ताप आला, किडनीची जागा दुखली, तर त्याच क्षणी डॉक्टर गाठायचा. आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. हे वाक्य त्यांनी तीनदा सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघसुद्धा मारली. मास्तरीण ना मी.

घरी आलो तेव्हा पेठ लोटली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येतात म्हणजे नुसते दारातून बघून जात नाहीत. खाटेवर बसतात, हात हातात घेतात, तोंडाजवळ तोंड नेऊन "कसं हाय आता?" विचारतात, आणि येताना कडेवरचं शेंबडं पोर घेऊन येतात. मी दारात स्टूल टाकून बसले. खोकणाऱ्याला बाहेरूनच परत. लोक म्हणाले, किडनी दिली म्हणून बाईला माज आलाय. आलाच होता! पांढऱ्या गोळीनं त्याचं तोंड गोल गरगरीत झालं, तर शेजारच्या पद्मशाली विणकरांच्या आजी तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. त्यांना वाटलं, तब्येत सुधारली. मी कुणाकुणाला समजावू?

तीन महिन्यांनी तो कारखान्यात जाऊ लागला. रोज सकाळी सुताच्या गाठी तोलायच्या काट्यावर उभा राहून वजन करायचा आणि संध्याकाळी येऊन मला सांगायचा. एक्कावन्न. एक्कावन्न. साडेएक्कावन्न. चौदा महिने असे गेले. माझी किडनी चौदा महिने त्याच्या पोटात नांदली. मी 'माझी किडनी'च म्हणायची. "माझी किडनी आज काय म्हणते?" असं त्याला विचारायची. तो म्हणायचा, "मजेत हाय." मनात मी त्या दक्षिणेतल्या डॉक्टरांना सांगत होते, बघा, परकी म्हणालात ना? बघा आता.

चौदाव्या महिन्यात त्याच्या डाव्या कुशीत आग व्हायला लागली. दोन दिवसांनी पाठीपासून छातीपर्यंत एका बाजूला पट्टा उठला, पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा. आईनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "नागीण उठली गं बाई!"

आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट सांगितलं. लहानपणी ज्या कांजिण्या येऊन गेल्या त्यांचा विषाणू मज्जातंतूत गपचूप झोपून असतो. अंगातला जोर असतो तोवर झोपलेला राहतो. गोळ्यांनी जोर कमी केलाय, म्हणून तो जागा झाला. त्यांनी पिवळी गोळी निम्मी केली. पांढरी मात्र आहे तशी चालू ठेवायला सांगितली. "हिला हात लावायचा नाही. आठ दिवसांनी या, आधी काही वाटलं तर आधी या."

आता आमच्याकडे नागिणीचे कायदे वेगळे. पाठीमागच्या गल्लीत एक म्हातारे गेरू लावायचे. नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो, म्हणून ते पुढच्या तोंडासमोर गेरूची आडवी रेघ ओढायचे. मीठ बंद. आणि मुख्य म्हणजे नागिणीत दुसरं औषध चालत नाही. दुसरं औषध दिलं तर नागीण आत शिरते. आईनं त्यांना घरी बोलावलं. मी गेरूला नाही म्हटलं नाही, फोडांवर नको, बाजूनं लावा म्हटलं. तो बिचारा भाऊ रात्रंदिवस तळमळत होता, शर्टाचं कापडसुद्धा सोसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आई माझ्यासमोर येऊन बसली. "पोरी, मी अडाणी हाय. पर तूच सांगतीस की, त्या गोळ्यांनी अंगातली ताकद जाती. ताकद गेली म्हनून नागीण उठली. मग त्याच गोळ्या अजून कशापायी द्यायच्या? वाळू दे की ती. मग दे."

तिला दोष देत नाही. तिनं नुसतं विचारलं. उत्तर मी दिलं. आणि मी काही गेरूवाल्या म्हाताऱ्यांवर विश्वास ठेवून उत्तर दिलं नाही. मी शहाणपणानं दिलं. माझा हिशोब असा, की डॉक्टरांनीच पिवळी निम्मी केली, म्हणजे कमी केलेली चांगली. निम्मी चांगली तर पूर्ण बंद जास्त चांगली. आणि किडनीचं काय, ती चौदा महिने रुळलीय. सख्ख्या बहिणीची आहे. आठ-दहा दिवस गोळी नाही म्हणून तिला काय त्या पेशी हाकलून देतील? वहीतली ती रेघ मारलेली ओळ मला आठवत नव्हती असं नाही. आठवत होती. मला वाटलं, ती इतरांसाठी आहे.

"दोन्ही बंद," मी म्हटलं. "नागीण वाळेपर्यंत."

भावानं एकदा माझ्याकडे बघितलं. "आक्का, डॉक्टर तर म्हणाले..."

"मला ठाऊक आहे डॉक्टर काय म्हणाले. मी होते ना तिथं."

माझ्यापुढं घरात कुणाचंच चालायचं नाही. आठव्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं, तर मी त्यांच्याकडे निरोप धाडला, उतार पडतोय, शाळेची परीक्षा आहे, पुढच्या आठवड्यात येतो. उतार पडत होताच. फोड वाळून खपल्या धरत होत्या. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ऐटीत सांगितलं, डॉक्टर लोकांना पण सगळं कळत नाही बरं का.

मधे चार दिवस त्याला मळमळत होतं, उठलं की चक्कर येत होती, अंगात काही त्राण नाही म्हणायचा. आम्ही म्हटलं, नागिणीचा अशक्तपणा. आईनं खिरी केल्या. गोळ्या बंद केल्यापासून अकराव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून हट्टानं सायकलीवर कारखान्यात गेला. काट्यावर उभा राहिला, तर साडेचोपन्न. तीन किलो वाढला! तिथल्या लोकांनी त्याची पाठ थोपटली. घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा आईला तर आभाळ ठेंगणं झालं. "बगितलंस? गोळ्या बंद केल्या, तर अंग धरलं पोरानं."

मी हसले. पण रात्रीचं जेवताना त्यानं पाय पुढे पसरले आणि माझी नजर घोट्यांवर गेली. मी ताट बाजूला सरकवलं, अंगठ्यानं त्याच्या नडगीवर दाबलं. अंगठा काढला तरी खड्डा तसाच.

"लघवी?" मी विचारलं.

"हाय की. थोडी कमी."

"किती कमी?"

त्यानं पाय जवळ ओढून घेतले. सकाळपर्यंत अंगात ताप भरला आणि जांघेवरची ती जागा हात लावू देईना.

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात. डॉक्टरांनी त्याला झोपवलं, पोट दाबून पाहिलं, वाळलेली नागीण पाहिली, रक्त काढून घेतलं आणि दुपारी रिपोर्ट आल्यावर परत आत बोलावलं. खोलीत डॉक्टर, त्यांचे कंपाउंडर, एक नर्सबाई, खाटेवर भाऊ, आणि भिंतीला लागून मी आणि आई.

"गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोवर भाऊ बोलला. "हाईत की. पांढरी पुरी, पिवळी अर्धी. तुमी सांगितल्यासारखं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. मला वाचवत होता तो. अंगात ताप, पाय हंड्यासारखे, आणि माझी अब्रू राखत होता.

डॉक्टर रिपोर्टवर पेन टेकवून बोलू लागले, जरा आमच्याशी, जरा स्वतःशी. "युरिया चढलाय. ताप आहे. पांढऱ्या पेशी वाढल्यात. गोळ्या चालू असताना एवढा ताप, वर ही अंगावरची नुकतीच वाळलेली नागीण, म्हणजे इन्फेक्शन रक्तात उतरलंय असं धरावं लागेल. किडनी त्यानंच बिघडली असणार. आता अंगातला जोर वाढवायला पाहिजे. पिवळी आजपासून बंद, पांढरी होईल तेवढी कमी करू, आणि जंतूंवरची इंजेक्शनं सुरू करू."

ते लिहायला लागले.

मला गोळ्यांतलं फार कळत नव्हतं, पण एवढं त्या क्षणी लख्ख कळलं, की हा माणूस बरोबर उलट्या दिशेनं चाललाय. आणि तो चुकीचा नाही. त्याला दिलेली माहिती चुकीची आहे. गोळ्या घेत असताना ताप आला तर गोळ्या कमी करायच्या. गोळ्या घेतच नसताना आला, तर वाढवायच्या. औषध लिहायच्या त्या पेनाला दोनच वाटा होत्या, आणि कुठल्या वाटेनं जायचं ते आमच्या तिघांच्या तोंडात अडकलं होतं. आईनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की आठ दिवस निळा राहिला. तिचं म्हणणं कळत होतं. बोलू नको. एवढी मोठी मास्तरीण, किडनी दिलेली, पाच माणसांत तोंड काळं करून घेऊ नको.

"डॉक्टर, थांबा," मी म्हटलं. "तो खोटं बोलतोय. बारा दिवस दोन्ही गोळ्या बंद आहेत. मी बंद केल्या."

पेन थांबलं. कंपाउंडर माझ्याकडे असे बघायला लागले की जमीन दुभंगावी.

"तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "बाई, तुम्ही?"

"मी. आईनं नाही, त्यानं नाही. मला वाटलं नागीण लवकर वाळेल. मला वाटलं किडनी माझी आहे, तिला काही होणार नाही."

डॉक्टरांनी मला जे सुनावलं, ते इथं लिहीत नाही. शाळेत मी पोरांना सुद्धा तसं कधी बोलले नव्हते. पण बोलताबोलता त्यांनी लिहिलेला कागद फाडला होता, आणि ते माझ्यासाठी पुरे होतं. "मग हे इन्फेक्शन नाही," ते नर्सबाईंना म्हणाले. "किंवा थोडं असेल. हे मुख्य रिजेक्शन आहे. शरीर किडनी नाकारतंय. आणि वर स्टिरॉईड, म्हणजे ती पांढरी गोळी, एकदम तोडल्याची ती मळमळ आणि चक्कर. सलाईन लावा." लगेच दक्षिणेतल्या हॉस्पिटलाला ट्रंक कॉल लावला. लाइन मिळायला दोन तास गेले, पण त्यांनी वाट न पाहता स्टिरॉईडचा मोठा डोस शिरेतून सुरू केला होता. फोनवर तिकडचे डॉक्टरही तेच म्हणाले. तीन दिवस मोठे डोस, पिवळी पूर्ववत, लघवी मोजा, आणि जंतूंकडे डोळ्यात तेल घालून लक्ष द्या.

पहिल्या दिवशी बाटलीत दीडशे मिली. दुसऱ्या दिवशी तेवढीच. मी त्या बाटलीकडे बघत बसायची आणि पहिल्यांदाच मला ती किडनी 'माझी' वाटत नव्हती. तिच्यावर त्याच्या रक्तातल्या पेशी तुटून पडल्या होत्या आणि त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. त्या आपलं काम करत होत्या. जी पहाऱ्याची नोकरी त्यांनी त्याला लहानपणापासून जगवताना केली होती, तीच. माझं नातं, माझं प्रेम, माझा चौदा महिन्यांचा तोरा, यातलं त्यांना काही वाचता येत नव्हतं. एवढं साधं होतं ते. बिल्ला नाही, बाहेर.

चौथ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी बाटली उजेडात धरली. सहाशे. संध्याकाळपर्यंत हजाराच्या वर. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले, कुणी बघतंय का याची पर्वा न करता.

पण हे एवढ्यावर संपणारं नव्हतं. गोळ्या वाढवल्या म्हणजे दुसरं दार सताड उघडलं होतं. सहाव्या दिवशी त्याच्या तोंडात, जिभेवर, टाळ्याला पांढरे दह्यासारखे चट्टे आले. बुरशी. घास गिळवेना. रोज तीनदा कापसाच्या बोळ्यानं जांभळं औषध लावायचं, त्यामुळं त्याचे ओठ, दात, उशी, सगळं जांभळं. दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ परत लागली, आणि यावेळी दारात स्टूल टाकून कोण बसलं असेल? आई. मला उठवून स्वतः बसली. "लांबनंच बगा," ती प्रत्येकाला सांगायची. "त्याच्या अंगातले शिपाई आमीच झोपवलेत. तुमच्या सर्दीला आता अडवणारं कोन न्हाय." त्या चहा न पिता गेलेल्या मामींना सुद्धा तिनं खिडकीतूनच हात करायला लावला. ज्या बाईनं आयुष्यात शाळेचं तोंड बघितलं नाही, तिनं ते दोन वाक्यांत सांगितलं. मला चार दिवस लागले असते. छाती फुगली माझी तिला बघून.

जीभ साफ झाल्यावर, पंधराव्या का सोळाव्या दिवशी, भाऊ माझ्याशी नीट बोलला. आधी रागावला. "कशाला सांगितलंस? मी झाकलं होतं की."

"झाकलं असतंस तर मेला असतास."

"ते कळतंय आता." त्यानं उशी पाठीशी ओढून घेतली. मग म्हणाला, "आक्का, एक सांगू? रागवू नगंस. किडनी तू दिलीस. आता ती माझ्या पोटात हाय. गोळ्यांचं हितनं पुढं मी बगनार. तू इचारायचं, सांगायचं न्हाय."

सव्वीस वर्षांत त्यानं मला उलट बोलल्याचं मला आठवत नाही. मला झोंबलं, खोटं कशाला सांगू. घरी येताना रिक्षात मी तोंड फिरवून रस्ता बघत बसले. पण त्या रात्री झोपताना मला वाटलं, शाब्बास रे पठ्ठ्या. ज्याच्या गोळ्या, त्याच्या हातात. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हे त्या दक्षिणेतल्या डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं, फक्त ते चुकीच्या माणसाला सांगत होते.

किडनी पहिल्यासारखी झाली नाही. थोडं नुकसान कायमचं राहिलं, रिपोर्टात ते दर खेपेला दिसायचं. पण ती चालली. तो माग दुरुस्त करत राहिला. दोन वर्षं त्यानं आपणहून मला रोजचं वजन सांगितलं नाही, विचारलं तरच सांगायचा.

त्यानंतर एकदा पेठेतल्या मंडळानं माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, स्टेजवर खुर्ची. एक नगरसेवक उभे राहिले आणि बहिणीच्या मायेवर अर्धा तास बोलले. रक्ताचं नातं, भावासाठी काळीज, वगैरे वगैरे. सगळं ऐकायला गोड होतं, पण मला घाम फुटत होता. त्या खुर्चीवर बसून मला एवढंच दिसत होतं, की किडनी देताना मी भुलीखाली होते. ते मी केलं म्हणजे काय केलं? पडून राहिले.

माझा भाऊ, जो चार माणसांत बोलायचं म्हटलं की लपायचा, तो खालून उठला. माईक त्याला धरता येईना, तो वाकडा धरून बोलला.

"किडनी दिली, ती दिलीच. पर ते न्हाय सांगायचं मला. डॉक्टर उलटं औषध लिहीत होते. मी खोटं बोललो होतो, हिची लाज राखायला. हिनं पाच माणसांत मला खोटं पाडलं आन् म्हणाली, चूक माझी. गोळ्या मी बंद केल्या. तेवढं बोलली म्हणून मी हितं उभा हाय."

आणि बसला. मंडपात कुणाला काही कळलं नाही. कुठलं खोटं, कुठल्या गोळ्या? नगरसेवक घड्याळाकडे बघायला लागले. माझी मान खाली गेली होती, ती मी वर केली. पुढच्या रांगेत आई उभी राहून एकटीच टाळ्या वाजवत होती.